मटण चॉप तव्यावर झटपट भाजताना: आच, मिनिटं आणि विसावा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चॉप भाजण्याबद्दल मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "एका बाजूला किती मिनिटं?" त्याचं उत्तर खाली दिलं आहे. पण मिनिटं तुकड्याच्या जाडीवरून ठरतात आणि जाडीवरून आचही ठरते, हे आधी लक्षात घ्या. तव्यावर एकाच वेळी दोन कामं चाललेली असतात. वरचा पृष्ठभाग खरपूस व्हायचा असतो आणि आतला गाभा हव्या तेवढ्याच तापमानाला थांबवायचा असतो. ही दोन कामं एकाच क्षणी पूर्ण झाली तर चॉप जमला. बहुतेक चुका एक काम दुसऱ्याच्या पुढे निघून गेल्यामुळे होतात.

कटलेट म्हणजे खिम्याच्या टिक्क्या ना?

इथे नाही. खिम्याच्या टिक्कीलाही कटलेट म्हणतात, त्यामुळे हा घोळ होतो. या पानावर चॉप किंवा कटलेट म्हणजे हाडासकट आडवा कापलेला सलग मांसाचा तुकडा. हा फरक नुसता नावाचा नाही. सलग तुकडा आतून गुलाबी ठेवता येतो. खिमा मात्र पूर्ण शिजवावाच लागतो, त्याचं कारण पुढे सुरक्षिततेच्या प्रश्नात आलं आहे.

कुठला भाग घ्यावा?

बरगडीचा किंवा पाठीचा. बरगडीच्या चॉपला एक लांब वाकडं हाड असतं आणि त्याच्या टोकाला मांसाचा गोल डोळा असतो. पाठीच्या, म्हणजे कमरेकडच्या चॉपमध्ये इंग्रजी टी अक्षरासारखं हाड असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मऊ मांस. हे स्नायू जनावर फारसे वापरत नाही, म्हणून त्यांत चिवट तंतू कमी असतात आणि ते काही मिनिटांत खाण्याजोगे होतात.

खांद्याचा चॉप दिसायला मोठा आणि चवीला छान असतो, पण त्यात थरांमधून चिवट पडदे गेलेले असतात. कोवळ्या जनावराचा असेल तर तो भाजून खाता येतो, थोडा चावावा लागतो एवढंच. मांडीचा आडवा काप पातळ असेल तर चालतो. नळीचा किंवा मानेचा तुकडा झटपट भाजायला घेऊ नका, त्याला तास-दीड तासाची मंद आचच हवी.

जाडी स्वतः सांगून कापून घ्या. माझी आवड अडीच ते तीन सेंटीमीटर, म्हणजे साधारण दीड बोट. या जाडीत वरचा थर खरपूस होईपर्यंत गाभा जास्त शिजत नाही. एक सेंटीमीटरचा तुकडा भाजता येतो, पण तिथे चुकायला जागाच उरत नाही. एकाच खेपेचे सगळे तुकडे सारख्या जाडीचे असू द्या. वेगवेगळ्या जाडीचे चार तुकडे एकदम तव्यावर टाकले की चारही नीट सांभाळणं कठीण जातं.

मटण मेंढीचं की बोकडाचं, कोवळं की जून, याने फरक पडतो का?

खूप पडतो, आणि हे तव्याकडे वळण्याआधीच ठरवावं लागतं. मटण हा शब्द आपण दोघांनाही वापरतो. कोकराच्या चॉपला बाहेरून चरबीची जाड कड असते आणि मांसातही थोडी चरबी पसरलेली असते, म्हणून ते गरम तव्यावर थोडं जास्त झालं तरी अगदी कोरडं पडत नाही. बोकडाचा चॉप लहान आणि कमी चरबीचा असतो. त्याला तव्यात जरा जास्त तेल लागतं आणि तो अर्धा-एक मिनिट आधी उतरवावा लागतो.

त्याहून मोठा फरक वयाचा आहे. जनावर जसं मोठं होतं तसे स्नायूंना बांधून ठेवणारे तंतू घट्ट होत जातात. हे तंतू विरघळायला उष्णतेइतकाच वेळही लागतो, आणि सहा-सात मिनिटांत तो मिळत नाही. म्हणून जून मटण तव्यावर कितीही कौशल्याने भाजलं तरी रबरासारखंच राहतं. कोवळ्या मटणाचा रंग फिकट लालसर असतो आणि कापलेलं हाड आतून गुलाबी, सच्छिद्र दिसतं. जून मटण गडद असतं आणि हाड पांढरं, टणक. जून निघालं तर फक्त दोन्ही बाजूंनी रंग आणा, मग थोडं पाणी घालून झाकण ठेवून मऊ होईपर्यंत मंद शिजवा. त्या मांसाला तोच न्याय आहे.

आच नेमकी किती ठेवायची?

खरपूस रंग आणि वास ज्या प्रक्रियेतून येतो ती मांसाचा पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर जोरात सुरू होते. पण पृष्ठभागावर पाणी असेल तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. म्हणून तवा मांस पडण्याआधीच २०० ते २३० अंशांपर्यंत तापलेला हवा. थंड मांस पडलं की तो खाली येतो, आणि तेवढी घसरण सोसूनही त्याच्याकडे उष्णता शिल्लक राहायला हवी.

आता आचेचा नियम. तो पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो: तुकडा जितका पातळ, आच तितकी मोठी. एक-दीड सेंटीमीटरच्या कटलेटचा गाभा दोन-तीन मिनिटांत शिजून जातो, म्हणजे रंगही तेवढ्याच वेळात यायला हवा. तिथे तवा जवळजवळ धुरकट होईपर्यंत तापवा आणि आच मोठीच ठेवा. अडीच-तीन सेंटीमीटरच्या चॉपला मध्यमच्या थोडी वरची आच पुरते. चार सेंटीमीटरच्या जाड तुकड्याला सुरुवातीला मोठी आच देऊन रंग आणला की ती मध्यमवर उतरवावी लागते, नाहीतर गाभा गरम होईपर्यंत बाहेरचा थर काळा पडतो. अनेक जण घाबरून पातळ तुकडे मंद आचेवर ठेवतात आणि जाड तुकडे "आतपर्यंत शिजायला हवेत" म्हणून मोठ्या आचेवर. दोन्ही ठिकाणी निकाल बिघडतो.

शेगडीच्या बटणावरचे आकडे मात्र एकमेकांना लागू करू नका. माझ्या बर्नरची मध्यम आच तुमच्या इंडक्शनची मोठी असू शकते. कानावर विश्वास ठेवा. मांस पडताच स्पष्ट, सलग चर्र आवाज यायला हवा आणि तो शेवटपर्यंत टिकायला हवा. आवाज फुटफुट, बुडबुड असा झाला तर खाली पाणी साचतंय, आच वाढवा. तडतडाट आणि निळसर तिखट धूर येत असेल तर तेल जळतंय, आच कमी करा.

तवा पुरेसा तापला हे कसं ओळखायचं?

जाड बुडाचा तवा मध्यम आचेवर पाच मिनिटं रिकामा तापू द्या. घाईने मोठ्या आचेवर तापवला तर मधोमध जळतो आणि कडा थंड राहतात. स्टीलच्या भांड्यात पाण्याचे चार थेंब टाका. ते लगेच फुसकन उडून गेले तर अजून वेळ आहे. गोळीसारखे होऊन तव्यावर घरंगळू लागले की तापमान चढलं. मग तव्यात पाणी राहिलेलं नाही ना हे बघून तेल घाला. अर्ध्या मिनिटात तेल पातळ होऊन त्यावर लहरी दिसू लागतात आणि धुराची पहिली बारीक रेघ उठते. मांस टाकायची हीच वेळ.

तेल शुद्ध केलेलं घ्या, शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं. तूपही उत्तम, कारण त्यातला दुधाचा अंश आधीच काढलेला असतो आणि ते उशिरा धुरावतं. लोणी मात्र या आचेला टिकत नाही, त्यातला दुधाचा भाग काळा पडतो. लोण्याची चव हवी असेल तर ते शेवटच्या मिनिटाला, आच उतरवून घाला.

नॉनस्टिक चालेल का?

या कामाला मी तरी वापरणार नाही. नॉनस्टिकचा लेप साधारण २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो आणि रिकामा पॅन मोठ्या आचेवर ठेवला तर तो तिथे पटकन पोहोचतो. बिडाचा तवा किंवा जाड बुडाचं स्टील सर्वांत चांगलं. बीड जड असतं, म्हणून थंड मांस पडलं तरी त्याची उष्णता एकदम कोसळत नाही. नॉनस्टिकच असेल तर पातळ तुकडे, एका वेळी दोनच, आणि आच मध्यमच्या थोडी वर एवढ्यावर समाधान माना.

मीठ कधी लावायचं?

एकतर किमान पाऊण तास आधी, नाहीतर तव्यावर टाकायच्या अगदी क्षणी. मधली वेळ सर्वांत वाईट. मीठ लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मांसातून पाणी बाहेर येऊन वर तळं साचतं, आणि तेव्हाच तवा तापलेला असेल तर चॉप भाजण्याऐवजी उकडला जातो. आणखी अर्धा तास थांबलात तर तेच खारं पाणी पुन्हा आत मुरतं आणि वरचा भाग कोरडा होतो.

माझी पद्धत अशी: सकाळी अर्धा किलो चॉपला पाच-सहा ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर मीठ दोन्ही बाजूंनी लावते आणि जाळीवर मांडून, न झाकता, फ्रीजमध्ये ठेवते. खाली ताट ठेवायचं आणि शेजारी दुसरं उघडं अन्न ठेवायचं नाही. संध्याकाळपर्यंत पृष्ठभाग हाताला चिकटसर-कोरडा लागतो. भाजण्याच्या निकालात यासारखा फरक दुसऱ्या कशाने पडलेला मी पाहिलेला नाही. वेळ नसेल तर टिश्यू पेपरने दाबून-दाबून कोरडे करा, कागद ओला यायचा थांबेपर्यंत. मांस धुतलं असेल तर हे दुप्पट काळजीने करायला हवं.

भाजण्याआधी फ्रीजमधून तासभर बाहेर काढून ठेवावं का?

मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. अर्ध्या तासात गाभ्याचं तापमान थोडकंच वाढतं. उलट पातळ कटलेट थंडगार असलेलेच बरे, कारण गाभा गरम व्हायला उशीर लागतो आणि तेवढ्या वेळात बाहेर रंग येतो. फक्त तुकडा आतून गोठलेला नको. गोठवलेलं मांस आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवा आणि सुटलेलं पाणी टिपून घ्या.

बरं, आता सांगा: एका बाजूला किती मिनिटं?

हे आकडे फ्रीजमधून काढलेल्या, कोरड्या केलेल्या, हाडासकटच्या कोवळ्या चॉपचे आहेत आणि आतून गुलाबी, रसदार गाभा गृहीत धरला आहे. एक-सव्वा सेंटीमीटरच्या कटलेटला मोठ्या आचेवर पहिल्या बाजूला दीड ते दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूला एकच मिनिट. दोन सेंटीमीटरला साधारण अडीच मिनिटं प्रत्येकी. अडीच-तीन सेंटीमीटरला मध्यमच्या वरच्या आचेवर तीन ते चार मिनिटं प्रत्येकी. चार सेंटीमीटरला दोन्ही बाजूंना मिळून दहा मिनिटांच्या आसपास, पण त्यातली पहिली चारच मोठ्या आचेवर. ओव्हन असेल तर रंग आल्यावर तो तुकडा १८० अंशांवर पाच-सहा मिनिटं ठेवणं जास्त सोपं.

पूर्ण शिजलेलं हवं असेल तर प्रत्येक बाजूला मिनिट-दीड मिनिट वाढवा, पण आच एक पायरी खाली आणून. मोठ्या आचेवर वेळ वाढवलात तर करपलेला थर तेवढा जाड होतो.

दुसऱ्या बाजूला कमी वेळ का, असंही विचारलं जातं. कारण उलटताना तुकडा आधीच निम्मा गरम झालेला असतो. पहिल्या बाजूचा रंग नेहमी जास्त सुंदर येतो, म्हणून वाढताना तीच बाजू वर ठेवा.

मिनिटं हा अंदाज, तापमान हे उत्तर. काटेरी टोकाचा छोटा थर्मामीटर असेल तर तो वरून नाही, कडेच्या बाजूने आडवा, गाभ्यापर्यंत खुपसा. हाडाला टोक लागलं तर आकडा चुकीचा येतो. गाभा ५२ ते ५४ अंशांवर असताना उतरवला तर विसाव्यानंतर लालसर-गुलाबी राहतो, ५७-५८ वर उतरवला तर फिकट गुलाबी होतो, आणि ६५ च्या पुढे गेला की तंतू आखडून रस पिळून बाहेर टाकू लागतात. थर्मामीटर नसेल तर बोटाने दाबून बघा. कच्चा तुकडा खचतो आणि खचलेलाच राहतो, गुलाबी तुकडा स्प्रिंगसारखा परत येतो, पूर्ण शिजलेला दबतच नाही. ही परीक्षा पाच-सहा वेळा केल्याशिवाय हाताला येत नाही, आणि ती हाडापासून दूर, मांसाच्या मधोमध करायची.

चरबीची कड काढून टाकावी का?

काढू नका, भाजा. कोकराच्या चॉपची खरी चव त्या कडेत असते, पण कच्ची राहिली तर ती तोंडात मेणासारखी लागते. चिमट्याने दोन-तीन चॉप एकत्र धरून चरबीच्या कडेवर तव्यात उभे करा, आच मध्यम, दोन ते तीन मिनिटं. चरबी वितळून तव्यात उतरते आणि कड सोनेरी, कुरकुरीत होते. हे आधी केलं की पुढच्या भाजण्याला वेगळं तेलही फारसं लागत नाही. जास्त चरबी सुटली तर वाटीत ओतून घ्या, तव्यात पातळ थर पुरतो. चरबीची कड एक सेंटीमीटरहून जाड असेल तर तेवढी छाटायला हरकत नाही.

चॉप तव्यावर वाटीसारखा वळतो, तोही याच कडेमुळे. चरबीखाली एक पांढरा चिवट पडदा असतो, तो मांसाच्या आधी आखडतो आणि तुकडा ओढून घेतो. मग मधला भाग तव्याला टेकतच नाही. भाजण्याआधी त्या कडेला दोन-दोन सेंटीमीटरवर सुरीने छोट्या खाचा द्या, पडद्यापुरत्याच, मांसात न जाता.

एकदा पूर्ण कृती क्रमाने सांगाल?

गेल्या आठवड्यात केलेली सांगते. पाठीचे चार चॉप, तीन सेंटीमीटर जाडीचे, मिळून साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. सकाळी मीठ लावून जाळीवर फ्रीजमध्ये ठेवलेले, काढल्यावर कागदाने पुन्हा टिपले आणि कडेला खाचा दिल्या. अठ्ठावीस सेंटीमीटरचा बिडाचा तवा मध्यम आचेवर पाच मिनिटं तापवला. त्यात चमचाभर तेल.

चारही चॉप चरबीच्या कडेवर उभे केले. अडीच मिनिटांत कड सोनेरी झाली आणि तव्यात दोन चमचे चरबी जमली. त्यातली निम्मी ओतून घेतली, आच वाढवली, आणि चॉप एकमेकांत बोटभर अंतर ठेवून आडवे केले. पहिले दहा सेकंद उलथण्याने हलकं दाबलं, म्हणजे सगळा भाग तव्याला टेकतो. मग तीन मिनिटं हात लावला नाही.

उलटताना एक चॉप तव्याला धरून राहिला. तो ओढला नाही. अजून वीस सेकंदांनी आपणहून सुटला, कारण कोरडा खरपूस थर तयार झाला की मांस तव्याला सोडतं. दुसरी बाजू अडीच मिनिटं. इथे आच मध्यमवर आणून चमचाभर लोणी आणि सालासकट ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या टाकल्या, आणि तवा तिरका करून फेसाळलेलं लोणी मिनिटभर चमच्याने चॉपवर, विशेषतः हाडाच्या कडेला, ओतत राहिले. हाडालगतचं मांस सर्वांत उशिरा शिजतं, त्याला हा गरम लोण्याचा मारा उपयोगी पडतो.

तीन चॉपचा गाभा ५७ वर होता, चौथ्याचा ५३. तो किंचित जाड निघाला, म्हणून त्याला आणखी पाऊण मिनिट दिलं. सगळे जाळीवर सहा मिनिटं ठेवले. खायला घेताना गाभा ६१ अंशांवर होता, आतून कडेपासून कडेपर्यंत फिकट गुलाबी, आणि ताटलीत जेमतेम चमचाभर रस सांडलेला.

एकदाच उलटायचं की पुन्हा पुन्हा?

"एकदाच उलटा" हा नियम पातळ तुकड्यांना ठीक आहे, कारण तिथे दुसऱ्यांदा उलटायला वेळच नसतो. जाड चॉप दर मिनिटाला उलटला तर उलट जास्त सारखा शिजतो. कुठलीही बाजू फार वेळ आचेवर राहत नाही, त्यामुळे खरपूस थराखालचा राखाडी पट्टा बारीक राहतो. फक्त पहिली दोन मिनिटं त्याला सोडा. उलटायला चिमटा वापरा.

माझ्या चॉपला पाणी सुटलं आणि ते राखाडी झाले. काय चुकलं?

जवळजवळ नेहमी गर्दी. माझ्याही हातून पहिल्यांदा हेच झालं होतं. पाहुणे आले होते, सहा चॉप एका मध्यम पॅनमध्ये खेटून ठेवले, आणि दोन मिनिटांत ते स्वतःच्याच पाण्यात उकळू लागले. वाफ निघून जायला वाट नसते आणि एवढ्या थंड मांसाने तवा गार पडतो. असं होताना दिसलं तर लगेच सगळे चॉप काढा, पाणी ओतून टाका, तवा पुसून पुन्हा दोन-तीन मिनिटं तापवा, चॉप टिपा आणि निम्मे-निम्मे भाजा. ते सुधारतात, जर गाभा अजून थंड असेल तर. चार-पाच मिनिटं उलटून गेली असतील तर रंगाच्या मागे लागू नका. तेव्हा रंग आणायला जाल तर मांस वाळेल.

तव्यावर झाकण ठेवल्यानेही हेच होतं. या पद्धतीत झाकणाला जागा नाही.

बाहेरून काळे, आतून कच्चे निघाले तर?

तुकडा जाड होता आणि आच सुरुवातीची मोठीच राहिली. आता तो पुन्हा मोठ्या आचेवर टाकू नका. मंद तव्यावर, दर अर्ध्या मिनिटाला उलटत, दोन-तीन मिनिटं द्या, किंवा ओव्हनमध्ये सरकवा. दही, मध किंवा वाटलेला लसूण लावून मुरवलेले चॉपही असेच फसवतात. वरचा लेप करपतो, मांस मात्र शिजलेलं नसतं. मुरवलेला तुकडा तव्यावर टाकण्याआधी लेप बोटांनी निपटून पुसून घ्या. चव आत गेलेली असते, वरचा चिखल फक्त जळायच्या कामाचा. मिरपूडही मी भाजून झाल्यावर घालते, नाहीतर मोठ्या आचेवर ती कडवट होते.

विसावा खरंच गरजेचा आहे का? गार नाही होत?

गरजेचा आहे, आणि त्याची दोन वेगळी कारणं आहेत. पहिलं, शिजणं तव्याबाहेरही चालू राहतं. उतरवताना बाहेरचा थर गाभ्यापेक्षा बराच गरम असतो आणि ती उष्णता आत सरकत जाते. अडीच-तीन सेंटीमीटरच्या चॉपमध्ये गाभा तीन ते पाच अंशांनी वाढतो, पातळ कटलेटमध्ये जेमतेम एक-दोन. म्हणून हवं त्या तापमानाच्या थोडं आधी उतरवायचं. जो चॉप तव्यावरच "अगदी बरोबर" वाटतो तो ताटात येईपर्यंत पुढे गेलेला असतो.

दुसरं कारण रसाचं. खूप गरम असताना मांसातला रस पातळ असतो आणि कापताच वाहून जातो. थोडा निवला की तो दाटतो आणि जागेवर राहतो.

पातळ कटलेटला दोन-तीन मिनिटं, नेहमीच्या चॉपला पाच ते सात. त्यापुढे थांबू नका. कोकराची चरबी गार झाली की लवकर थिजते आणि टाळूला चिकटते, म्हणून हे मांस कोमट खाणं वाईट. ताटल्या गरम करून ठेवा, त्याचा उपयोग इथे सर्वांत जास्त होतो. चॉप जाळीवर ठेवा, सपाट ताटलीत ठेवले तर खालची खरपूस बाजू स्वतःच्या वाफेने मऊ पडते. फॉइल टाकायचीच असेल तर सैल, तंबूसारखी. घट्ट गुंडाळलीत तर आत वाफ कोंडते आणि मिळवलेला कुरकुरीतपणा जातो.

आतून गुलाबी मटण खाणं सुरक्षित आहे? आणि ते लाल पाणी रक्त आहे का?

ते रक्त नाही. मांसातल्या पाण्यात मायोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन मिसळलेलं असतं. ६० अंशांच्या पुढे ते हळूहळू रंग सोडतं, म्हणून मांस गुलाबीवरून करड्याकडे जातं.

सलग तुकड्यात जंतू प्रामुख्याने पृष्ठभागावर असतात आणि तो तर तव्याने कडक भाजलेला असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला मेंढी-बोकडाच्या सलग तुकड्यासाठी गाभा ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं विसावा असा आहे, खिम्यासाठी ७१ अंश. खिम्यात पृष्ठभागावरचे जंतू सगळीकडे मिसळले जातात, म्हणून हा फरक. सुयांनी टोचून मऊ केलेल्या मांसालाही खिम्यासारखंच वागवा. ५४-५७ अंशांचा गुलाबी गाभा या सल्ल्याच्या खाली येतो. तो निवडताना हे माहीत असलं पाहिजे.

गरोदर बाई, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे त्यांच्यासाठी चॉप पूर्ण शिजवा. अर्धकच्च्या मटणातून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी जाऊ शकतो आणि गरोदरपणात तो बाळाला इजा करतो. त्यांच्यासाठी दोन सेंटीमीटरचे तुकडे घ्या. ते आतपर्यंत शिजूनही बाहेरून करपत नाहीत.

तव्याला चिकटलेल्या तपकिरी खरवडीचं काय करायचं?

चॉप विसावत असताना तोच तवा वापरा. चरबी ओतून टाका, खरवड काळी नसेल तर मध्यम आचेवर अर्धा कप पाणी किंवा हाडांचं पाणी घाला आणि लाकडी उलथण्याने खरवडा. दोन मिनिटांत ते निम्मं आटतं. आच बंद करून लोण्याचा छोटा तुकडा आणि थोडा लिंबाचा रस ढवळा, आणि जाळीखाली साचलेला रसही त्यातच ओता. मिठाची चव घेतल्याशिवाय वरून मीठ घालू नका, चॉपचं मीठ तव्यात उतरलेलं असतं. हा रस चॉपच्या वर नाही, शेजारी वाढा, म्हणजे खरपूस थर शेवटच्या घासापर्यंत तसाच राहतो.